शिडाच्या गाण्यात इंजिन: एकाच रूपकावर अख्खं गाणं बांधायची पार्श्वभूमी

देह म्हणजे होडी, संसार म्हणजे दर्या, गुरू म्हणजे होडी हाकणारा तांडेल. कोकणात भजनाला किंवा जाखडीला बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही. प्रश्न असतो तो पुढचा, की ही होडी पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत होडीच राहते की मधेच तिचा पिंजरा, वाडा नाहीतर चरखा होतो.

हा विचार फार जुना आहे. सातव्या शतकाच्या आसपासच्या काव्यादर्श या संस्कृत ग्रंथात दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवलीत. एकात हसू म्हणजे फूल आणि डोळे म्हणजे भुंगे, फूल-भुंग्याची संगत जमते म्हणून ते युक्त रूपक. दुसऱ्यात हसू म्हणजे चांदणं आणि डोळे म्हणजे कमळ, त्या दोघांची संगत नाही म्हणून ते अयुक्त. गंमत म्हणजे अयुक्तला तिथे दोष म्हटलेलं नाही, रूपकाचा एक प्रकार म्हणून नोंदवलंय, आणि हे सगळं एका श्लोकापुरतं आहे. पुढे काव्यप्रकाशात सांगरूपक वेगळं काढलं, म्हणजे मुख्य वस्तूबरोबर तिच्या अंगांचंही रूपक. मराठीत ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीचा गणपती घ्या, सहा दर्शनं म्हणजे सहा हात, हातातला परशू म्हणजे तर्क, मोदक म्हणजे वेदांत. अवयव मोजत गेलं तरी मूर्ती कुठे फुटत नाही. पण ती मूर्ती स्थिर आहे. गाण्याला खरी वाट दाखवली ती भारुडाने, विंचू चावतो, मग घाम येतो, मग वेदना, मग उतारा, म्हणजे रूपक नुसतं अंग मोजत नाही तर पुढे सरकतं. होडीचं गाणं याच जातीचं, कारण होडी निघते आणि कुठेतरी लागते.

शिडाच्या जमान्यातल्या गाण्यात मोडतोड बहुतेक दोन जागी व्हायची. पहिली जागा यमक. समजण्यापुरतं एक गाणं इथे रचून दाखवतो.

वल्हव गड्या वल्हव रं, तांडेल जागा हाय
नऊ भोकांची होडी माझी, पाणी येतं आत
उपसून टाक रं थोडं थोडं, जोवर चाले हात

यातले नऊ मुळात होडीचे नाहीत, देहाला नऊ दारांचं नगर म्हणायची पद्धत गीतेत आहे तिथले ते. पण दारं तशीच होडीत आणली असती तर नगर आणि होडी एकमेकांवर आदळली असती, इथे दाराचं भोक झालं आणि भोकातून पाणी आलं म्हणून ते होडीचंच अंग झालं. बाहेरची प्रतिमा आणायची तर अशी. आता दुसरं कडवं.

शीड उभं पण वारा पडला, दोरी झाली ढिली
मायेच्या या पिंजऱ्यामंदी मैना अडकून गेली

ही मैना कुठून आली? ढिलीला यमक पाहिजे होतं म्हणून आली, आणि मैना म्हटली की पिंजरा पाठोपाठ येतोच. दुसरी ओळ «भांगाच्या त्या पाण्यावरती होडी थांबून ऱ्हायली» केली की गाणं पुन्हा पाण्यावर. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, वर वाराही पडलेला, म्हणजे वरून नाही आणि खालूनही नाही. मैनेपेक्षा अडकल्याची भावना इथे जास्त नेमकी येते. संकटांचा डोंगर, दुःखाच्या झळा असले रोजच्या बोलण्यातले तुकडे तर यमक नसतानाही शिरतात आणि वापरून इतके गुळगुळीत झालेले असतात की लिहिणाऱ्याला त्यातला डोंगर दिसतच नाही. ओळीतलं प्रत्येक नाम आणि क्रियापद सुटं करून विचारायचं, हे होडीवर असतं का, होतं का.

दुसरी जागा धृपद. ते प्रत्येक कडव्यानंतर परत येतं. «होडी लोट रं, भरती आली» असं धृपद घेतलं तर तिसऱ्या कडव्यात होडी भर दर्यात असताना कोरस तिला पुन्हा किनाऱ्यावरून लोटणार. प्रतिमा एकच आहे, तरी गाणं मोडलं. म्हणून धृपदात प्रवासात कधीही चालेल असं काम ठेवतात, वल्हवणं, उपसणं, सुकाणू धरणं.

खरा वाद झाला तो इंजिनावरून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होड्यांना इंजिनं बसत गेली आणि गाणी लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न आला, की शिडाच्या गाण्यात इंजिन घ्यायचं का. घ्या म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं, समोर बसलेली पोरं इंजिनाच्या होडीवर जातात, त्यांना शिडाची दोरी कशाला सांगता, आणि शीड आणि इंजिन दोन्ही असलेल्या होड्या पाण्यावर दिसत होत्याच, मग प्रतिमा खोटी कशी? नको म्हणणारे बरेचदा नुसतं जुनं ते सोनं म्हणून बोलायचे, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी वाटायची आणि अजून वाटते. पण माझ्या मते बरोबर तेच होते, फक्त कारण वेगळं द्यायला हवं होतं. शिडाच्या गाण्यात वारा म्हणजे कृपा. तो माणसाच्या हातात नाही, माणसाने फक्त शीड उभं ठेवायचं आणि वल्हवत राहायचं, अख्ख्या गाण्याचा अर्थ त्या वाट बघण्यावर उभा आहे. इंजिन आलं की जोर होडीच्या पोटात आला. मग वारा पडला तर बिघडत नाही, उलट समोरून आला तर तो अडथळा. पहिल्या कडव्यात जी कृपा होती तीच तिसऱ्यात संकट झाली, आणि तांडेलाला हाक मारायचं कारणही निम्मं संपलं. म्हणजे वस्तू एकाच होडीवरच्या असल्या तरी त्यांच्या मागचे अर्थ एकमेकांना खोडतात. काव्यादर्शातला चांदण्या-कमळाचा प्रश्न दोन प्रतिमांच्या संगतीचा होता, इथे प्रतिमांची संगत जुळते आणि अर्थाची तुटते. हे ऐकताना पटकन लक्षात येत नाही, नुसतं शेवटचं कडवं पोकळ लागतं.

याचा अर्थ इंजिनाचं गाणं होणारच नाही असा नाही, पण ते नव्याने बांधायला लागतं. ट्रॉलरवर कृपा वाऱ्यात शोधायची नाही, तिथे सगळं मोजून नेलेलं असतं, डिझेल आणि बर्फ. दोन्ही आयुष्यासारखे संपत जातात.

अर्धं डिझेल संपून गेलं, बर्फाचं झालं पाणी
परतायापुरतं राखून मगच जाळं टाक रं ज्ञानी

यात शीड नाही, भांग नाही, आणि तांडेल असला तरी तो तारणारा नाही, हिशेब ठेवणारा आहे. गाण्याचा सूर शरणागतीचा न राहता सावधगिरीचा होतो. ते ज्याला चालेल त्याने लिहावं, पण गजराच्या टिपेला हा सूर पोचत नाही, कारण हिशेबावर गजर चढत नाही.

पुढे कॅसेट आल्या आणि आणखी एक अडचण झाली. रात्रभराच्या बारीत सहा-सात कडवी सहज चालायची, कॅसेटच्या एका बाजूला जेमतेम अर्धा-पाऊण तास, त्यात गण, गौळण सगळं बसवायचं. मग कडवी गाळली गेली, आणि गाळताना यमक बघितलं, प्रवास नाही. वारा पडल्याचं कडवं गेलं आणि «सुटला वारा, भरलं शीड» हे राहिलं, असं झालं की ऐकणाऱ्याला सुटकेचं कारणच कळत नाही. मोबाईलवर फिरणारी दोन-दोन कडव्यांची गाणी बरेचदा त्या कापलेल्या पाठावरूनच शिकलेली असतात, त्यामुळे नवी पोरं लिहायला बसली की त्यांच्याही गाण्यात होडी निघते आणि लगेच बंदराला लागते. असं गाणं हातात आलं तर आधी जुन्या बारीतल्या कुणाकडून मधली कडवी मिळतायत का बघायचं, यमकाला ठिगळ नंतर लावता येतं.