मेसेज काढायचा की माणूस?

"काढा हो ते ग्रुपवरून." दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला हे वाक्य सारखं ऐकावं लागतं. 'ते' म्हणजे मेसेज की तो टाकणारे माउली, हे सांगणाऱ्यानंही ठरवलेलं नसतं. आपण दोन्हीला 'काढणं'च म्हणतो आणि फोनवर दोन्ही कामं क्षणात होतात. मात्र एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

आमच्या ग्रुपवर हे २०२४ च्या कार्तिकीला कळलं. एकादशी १२ नोव्हेंबरला होती आणि विधानसभेचं मतदान २० तारखेला. तीसेक वर्षं वारी करणाऱ्या एका काकांनी उमेदवाराचा बॅनर टाकला, त्यावर पांडुरंगाचा फोटो. पाऊण तासात भांडण पेटलं. तेव्हा आम्हा तिघा ॲडमिनपैकी एकानं रागात काकांनाच काढलं. अमक्यानं तमक्याला काढलं, ही ओळ सगळ्यांना दिसली. बॅनर मात्र जागेवरच राहिला, कारण माणूस काढला तरी त्यानं आधी टाकलेले मेसेज ग्रुपमध्ये तसेच राहतात. संध्याकाळपर्यंत तो पुढेही गेला. रात्री सूचना पडली की दशमीला गाडी पाचऐवजी पहाटे साडेतीनला सुटेल. काका ग्रुपवर नव्हतेच. ते पावणेपाचला पडशी घेऊन थांब्यावर आले, तेव्हा गाडी निघून सव्वा तास झाला होता. ते एसटीनं पंढरपूरला आले. त्यांची पडशी खाली उतरवून घेताना मला बोलायला शब्द सुचेना.

काढायचा होता तो बॅनर. त्यासाठी ॲडमिन तो मेसेज दाबून धरतो आणि `Delete for everyone` निवडतो. त्या जागी ॲडमिननं मेसेज काढल्याची ओळ त्याच्या नावासह येते, त्यामुळे लगेच टाकणाऱ्याला फोन करावा: "काका, बॅनर काढलाय, तुम्ही ग्रुपवर आहातच." ज्यांनी फोटो आधीच उतरवून घेतला किंवा पुढे पाठवला, त्यांच्याकडचा मात्र जात नाही. म्हणून हे लवकर करायचं. प्रकरण गंभीर असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा. मेसेज गेल्यावर पुरावाही जातो.

फॉरवर्डचं बहुतेक वेळा इतक्यावर भागतं. मेसेजवर दुहेरी बाण आणि `Forwarded many times` दिसलं, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो. 'हा अभंग अकरा जणांना पाठवा' किंवा 'वारीत अमुक ठिकाणी पाणी विषारी' असले मेसेज याच वाटेनं येतात. असा मेसेज काढावा आणि टाकणाऱ्याला खासगीत "माउली, हे कुठून आलं?" एवढं विचारावं. चारचौघांत विचारलं की माणूस मेसेजची नाही, स्वतःची बाजू लढवायला लागतो.

शुभेच्छांचा प्रश्न निराळा आहे. तिथे दोन्ही काढणी चुकीच्या. सकाळचं 'राम कृष्ण हरी' हा आपला नमस्कार आहे, तो पुसणारा ॲडमिन मला तरी पटत नाही. अडचण एवढीच की साठ नमस्कारांखाली मुक्कामाची सूचना गाडली जाते. आम्ही दुसरा ग्रुप केला, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. तिथे मुक्काम, पाण्याचा टँकर, भिशीचे पैसे आणि गाडीची वेळ एवढंच येतं. जुना ग्रुप नमस्काराला आणि भजनाला मोकळा राहिला. काकांना जुन्या ग्रुपवरून काढावं लागलं असतं, तरी या दुसऱ्या ग्रुपवर ठेवता आलं असतं.

मग माणूस कधी काढायचा? अश्लील चित्र, पैशांची फसवी लिंक किंवा बायाबापड्यांच्या नंबरवर त्रास देणं, यात वाट पाहू नये. मेसेज आणि माणूस दोन्ही काढावेत. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवावं. राजकारणाच्या बाबतीत आम्ही तीन पायऱ्या ठरवल्या: पहिल्यांदा मेसेज काढून फोन, दुसऱ्यांदा त्या माणसाशी ज्याचं जमतं त्या विणेकऱ्यानं किंवा ज्येष्ठानं बोलणं, तिसऱ्यांदा दोन ॲडमिनच्या संमतीनं आणि आधी सांगून काढणं. ज्यानं भांडणात स्वतः उत्तरं दिली असतील, त्या ॲडमिननं त्या दिवशी कुणालाही काढायचं नाही.

घाईनं माणूस काढण्यामागे पुष्कळदा पोलिसांची भीती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. ॲडमिननं स्वतः तो मजकूर पुढे पाठवला तर गोष्ट वेगळी.

काकांना परत घेण्यापूर्वी मी आणि ज्यानं त्यांना काढलं तो ॲडमिन, दोघं त्यांच्या घरी गेलो. नुसता नंबर जोडला असता, तर 'काढलं'च्या ओळीखाली 'जोडलं'ची आणखी एक ओळ पडली असती, तेवढंच.