सुई अकराची, ताप सातचा

एप्रिलातली रात्र, साडेनऊचा सुमार. फोनवर आजी होत्या आणि मागे शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट. "ओ डॉक्टर, सकाळी सुया मारून आणलं, आता पोरगं लई तापायलंय ओ. घेऊन येऊ, का सरळ सिव्हिलला जाऊ?" बाळ साडेसहा आठवड्यांचं, पहिल्याच पेंटाव्हॅलंटचं. वजन सकाळी लसीकरणाच्या वेळीच केलेलं होतं, चार किलो चारशे ग्रॅम.

ताप किती आहे हे विचारायच्या आधी मी विचारलं, सुया किती वाजता दिल्या? अकराच्या सुमाराला. आणि अंग गरम कधी लागलं? सात वाजता, दिवे लावताना. म्हणजे आठ तास. हा हिशेब इतका महत्त्वाचा का, ते सांगतो.

पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूचा न्यूमोनिया-मेंदूज्वर अशा पाच आजारांविरुद्धची ही एकच सुई. तापाला बहुतेक वेळा जबाबदार असतो तो त्यातला डांग्या खोकल्याचा भाग. सरकारी लसीत या आजाराचे मारलेले, पण अख्खे जिवाणू असतात. त्यांच्या कवचातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ मांडीतल्या रोगप्रतिकारक पेशींनी ओळखला की त्या रक्तातून रासायनिक निरोप धाडतात. निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-नियंत्रण केंद्रापर्यंत पोचतो, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराने किती तापमान राखायचं तो आकडाच वर सरकतो. उष्णता आत धरून ठेवायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून बाळाचं पोट तव्यासारखं आणि तळपाय मात्र गार लागतात. आज्या नेमक्या तेव्हा पायात मोजे चढवतात. उजव्या मांडीतली न्यूमोकोकलची लसही यात थोडी भर घालते.

आता मुद्दा असा की हे जिवाणू मेलेले आहेत. ते वाढू शकत नाहीत. अकरा वाजता जेवढे आत गेले तेवढेच. त्यानंतर शरीर त्यांना फक्त कमी करत जाणार. म्हणून या लसीचा ताप पहिल्या चोवीस तासांत चढतो, एखाद-दोन दिवस राहतो आणि उतरतो. जंतुसंसर्ग उलट वागतो. त्यातले जिवाणू जिवंत असतात, दर तासाला वाढतात आणि ताप टिकतो किंवा उतरून पुन्हा येतो. दोन्ही तापांचा आकडा थर्मामीटरवर सारखाच दिसू शकतो. घड्याळावर मात्र ते वेगळे दिसतात.

तरीही फोन ठेवून झोपा, असं मी म्हटलं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस ताप असेल, तर एरवी आम्ही ते बाळ त्याच दिवशी तपासतो. या वयात रक्तातला किंवा मूत्रमार्गातला संसर्ग फारशी लक्षणं न दाखवता येऊ शकतो. लस दिली म्हणून तो त्या आठवड्यात सुट्टी घेत नाही. म्हणून दीड महिन्याच्या डोसनंतर ताप आला, तर बाळ ठीक दिसत असलं तरी एकदा डॉक्टरांशी किंवा सिस्टरशी बोलावंच, आणि कुणाशी बोलणं झालं नाही तर बाळ नेऊन दाखवावं.

ताप मोजलाय का, विचारलं. "हात लावला की कळतंय की." घरात डिजिटल थर्मामीटर होता, कुठल्याशा डब्यात. बाळाच्या आईने तो काखेत धरला आणि बीप होईपर्यंत बाळाचा हात अंगाशी दाबून ठेवला. आकडा आला 101.4. अंगावर काय आहे? झबलं, टोपडं, त्यावर दोन दुपटी. एप्रिलातल्या सोलापुरात, पत्र्याच्या खोलीत! इतक्या लहान बाळाला घाम गाळून स्वतःला थंड करणं नीट जमत नाही. गुंडाळलं की बाहेरची उष्णताच त्याला तापवते. टोपडं आणि दुपटी काढा, पंखा लावा पण झोत थेट नको, आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, असं सांगितलं. दुसरा आकडा 100.6. म्हणजे वरचा अंशभर ताप दुपट्यांचा होता आणि उरलेला खरा.

मधल्या वीस मिनिटांत मी आईला काही गोष्टी विचारल्या. सुयांनंतर बाळ किती वेळा प्यायलं आणि शेवटचं पिताना ओढत होतं की तोंडात घेऊन नुसतं पडून होतं? दुपारपासून लंगोट किती वेळा ओले झाले? रडलं तर छातीशी घेतल्यावर थांबतं का? पोट उघडं करून मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. ते 46 भरले. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, हा धोक्याचा इशारा असतो. हे बाळ पीत होतं, किरकिरत होतं आणि आईकडे बघत होतं. मला आकड्यापेक्षा या उत्तरांनी जास्त धीर दिला.

उत्तरं वेगळी आली असती, तर रात्रीच सिव्हिल गाठायला सांगितलं असतं. बाळ दूध ओढत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, उठवूनही नीट जागं होत नाही, झटके येतात, श्वास जोरात चालतो किंवा ताप 102 च्या वर गेलाय, यातलं एकही पुरतं. या वयात झटका आला तर त्याला "तापातला झटका" म्हणून सोडून देता येत नाही. साधे तापाचे झटके साधारण सहा महिन्यांनंतरच्या मुलांत येतात. आणखी दोन गोष्टी पेंटाव्हॅलंटनंतर क्वचित दिसतात. एक म्हणजे तीन तासांहून जास्त, काही केल्या न थांबणारं रडणं. दुसरी जास्त घाबरवणारी: बाळ अचानक पांढरंफटक पडतं, चिंधीसारखं सैल होतं आणि हाकेला दाद देत नाही. ही अवस्था बहुधा पहिल्या काही तासांतच येते आणि बाळ त्यातून बरं होतं, पण घरी बसून ती कशाची आहे हे ओळखता येत नाही. दोन्हीत दवाखाना, आणि पुढच्या डोसच्या आधी सिस्टरला ते आठवणीने सांगायचं. तीव्र अ‍ॅलर्जी मात्र बहुतेक वेळा मिनिटांत दिसते. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते त्यासाठीच.

मग औषध. इथेच चूक होते, आणि तीही काळजीपोटी. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. या बाळाला म्हणजे 44 ते 66; आम्ही 50 धरले. घरात दोन बाटल्या होत्या. एक मोठ्या भावाचं सिरप, 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमवालं. दुसरी बाळासाठी संध्याकाळीच आणलेली, ड्रॉप्सची, 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅमवाली. पन्नास मिलिग्रॅमसाठी सिरप 2 मिलिलिटर लागतं आणि ड्रॉप्स फक्त अर्धा मिलिलिटर. भावाच्या वेळी "दोन एमएल" दिल्याचं आजींच्या लक्षात होतं. तेच ड्रॉप्सचे दिले असते, तर बाळाला चौपट औषध गेलं असतं, आणि जास्त पॅरासिटामॉल यकृतावर जातं. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असा समज सर्रास आहे; खरं नेमकं उलटं आहे. मी आईला लेबल मोठ्याने वाचायला लावलं, मग अर्धा मिलिलिटर सांगितलं. गरज लागली तरच सहा तासांनी पुन्हा, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आयबुप्रोफेन या वयात देत नाहीत. गार पाण्याच्या पट्ट्याही नकोत. बाळ गारठतं, किरकिरतं आणि शरीर उष्णता आणखी आत धरून ठेवतं. उन्हाळा असला तरी वरचं पाणी नाही, दूधच जास्त वेळा.

"मग सुई द्यायच्या आधीच औषध पाजून नेलं तर?" आईने विचारलं. चांगला प्रश्न. 2009 साली चेक प्रजासत्ताकातल्या 459 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लसीबरोबर ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण लसीतल्या अनेक घटकांविरुद्धची प्रतिपिंडंही कमी बनली. म्हणून ही आमची लस देताना आधीच पाजून ठेवू नये, ताप येऊन बाळ बेचैन झालं तर द्यावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला होता. मांडीवर सुपारीएवढी गाठ राहिली. तशी गाठ काही आठवडेही राहते आणि जिरते, चोळायची नाही. लाली तिसऱ्या दिवसानंतर पसरत गेली किंवा पू दिसला, तरच दाखवायची.

याच वयाचं आणखी एक बाळ लक्षात राहिलं आहे. त्यालाही लसीच्या रात्री ताप आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. चौथ्या दिवशी पुन्हा आला, 100.8. आकडा पहिल्यापेक्षा कमी, म्हणून घरच्यांनी "सुईचाच राहिलाय" म्हणत दीड दिवस काढला. आले तेव्हा बाळ दूध अर्धवट सोडत होतं. लघवी तपासली, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि भरती करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. मेलेले जिवाणू चौथ्या दिवशी नव्याने ताप आणत नाहीत. अठ्ठेचाळीस तासांनंतर टिकलेला किंवा परतलेला ताप मी लसीच्या खात्यावर टाकत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तोही त्याच कारणातून येतो. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीत विषाणू जिवंत असतात, दुबळे केलेले. त्यांना शरीरात वाढायला वेळ लागतो, म्हणून त्यांचा ताप आठवड्याने, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी बारीक पुरळासह. तोवर लस सगळे विसरलेले असतात. त्याच दिवशी न्यूमोकोकलचा डोसही असतो, त्याचा ताप पहिल्या रात्री. एका फेरीचे असे दोन ताप! मात्र गोवर-रुबेला लसीनंतर काही तासांतच खूप ताप, उलट्या आणि जुलाब सुरू झाले, तर ते या वेळापत्रकात बसत नाही. तसं होणं अगदी दुर्मीळ आहे, पण लगेच दवाखाना गाठायचा. ही लस पाण्यात कालवल्यावर चार तासांत वापरून उरलेली टाकायची असते, ती उघड्या बाटलीत जंतू वाढून असं होईल याच भीतीने.

दहाव्या आठवड्याच्या डोसनंतर पुन्हा आजींचा फोन. या खेपेला आईने सुईची वेळ कार्डावर पेनाने लिहिली होती, थर्मामीटर उशाशी होता. "डॉक्टर, ताप आलाच नाही ओ. लस लागली नाही का काय?" लागली, म्हटलं. ताप न येताही प्रतिपिंडं बनतात. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.