तीन दिवसांत गुडघे मोकळे करणारी पुडी

"जडीबुटीचं चूर्ण आहे, साइड इफेक्ट नाही. तीन दिवसांत गुण आला म्हणजे औषध अस्सल," असं सांगून सांधेदुखीची पुडी विकली जाते.

सांधेदुखीवरच्या वनस्पतींचा गुण सहसा सावकाश येतो. तीन दिवसांत सूज उतरली, भूक वाढली, अंगात तरतरी आली, तर आधी शंका स्टेरॉइडची घ्यावी.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला ही शंका आली पुडी घेणाऱ्या वडिलांच्या चेहऱ्यावरून. चार महिन्यांत गाल गोल झाले, हातापायांच्या काड्या झाल्या आणि आटोक्यातली साखर अचानक वाढली. त्याने घाबरून पुडी बंद केली. (कुणीही हेच केलं असतं.) पाचव्या दिवशी वडिलांना उलट्या, उभं राहताच चक्कर.

कारण असं: बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. पुरवठा एकदम तुटला की शरीराकडे काहीच उरत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी ठरावीक मात्रेत स्टेरॉइड सुरू केलं, मग आठवड्या-आठवड्याने उतरवलं.

उपचारापूर्वी सकाळी आठला घेतलेल्या रक्तात कॉर्टिसोल फारच कमी निघालं. पण हा अप्रत्यक्ष पुरावा. उरलेल्या पुड्या औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिल्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं. नुसतं 'भेसळ आहे का' विचारून भागत नाही. स्टेरॉइडचीच चाचणी मागावी लागते.

पुडीवर ना परवाना क्रमांक होता, ना घटकांची यादी. वडील अजून म्हणतात, "गुण मात्र आला होता हं." खरंच आला होता, स्टेरॉइडचा.