गाय दगावल्यावरचं पत्र: बिल्ला, दाखला आणि तारखा कुठून आल्या

गाय मेली की घरात चूल पेटत नाही, पण पत्र मात्र त्याच दिवशी लिहावं लागतं. नागपूरच्या आसपास कुही, उमरेड, काटोल, हिंगणा या भागात मी अनेक शेतकऱ्यांना हे पत्र लिहायला मदत केली आहे. बहुतेकांना ते उगाच लांबलेलं वाटतं. "गाय मेली, विमा होता, पैसे द्या," एवढं लिहिलं की झालं, असा त्यांचा समज असतो. बिल्ल्याचा नंबर, डॉक्टरचा दाखला, कोणत्या तारखेला काय झालं, हे सगळं कशाला? या प्रत्येक ओळीमागे एखादं जुनं भांडण आहे, आणि ते कळलं की पत्र कसं लिहायचं हेही आपोआप कळतं.

सुरुवात कर्जापासून झाली. 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1 जानेवारी 1973 पासून हा धंदा चार सरकारी कंपन्यांच्या हाती आला. पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला 'आयआरडीपी', 2 ऑक्टोबर 1980 पासून देशभरातल्या सगळ्या विकास गटांमध्ये लागू झाला. बँकेने कर्ज द्यायचं, सरकारने अनुदान द्यायचं आणि गरीब घराने गाय किंवा म्हैस घ्यायची. जनावर मेलं तर कर्ज बुडू नये म्हणून विमा काढला जाई. तो शेतकऱ्याच्या मागणीवरून नाही, तर बँकेच्या काळजीपोटी गावात आला. म्हणूनच आजही कितीतरी पत्रांवर वर 'मा. शाखा व्यवस्थापक' असतं आणि विमा कंपनीचं नाव खाली कुठेतरी येतं. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर दाव्याची रक्कम आधी कर्जखात्यात जाते. मालकाला हे बहुतेक वेळा शेवटी कळतं.

पहिली अडचण ओळखीची. माणसाला नाव-गाव असतं. तांबड्या रंगाच्या, वळलेल्या शिंगांच्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या गाई एका गावात चार सापडतात. मग कानात धातूचा बिल्ला ठोकायचा आणि त्याचा नंबर पॉलिसीवर लिहायचा, अशी पद्धत पडली. त्यातून एक कडक अट आली: बिल्ला नाही तर दावा नाही. पण सुटा बिल्ला कुणीही आणून देऊ शकतो. एक बिल्ला दोन मृत जनावरांसाठी फिरवल्याचा संशय आला, तेव्हा कंपन्यांनी बिल्ल्याबरोबर कानाचा तुकडाही मागायला सुरुवात केली. मेलेल्या गाईचा कान कापून पुडीत बांधून एसटीने शहरातल्या कार्यालयात नेणारी माणसं जुन्या पशुधन पर्यवेक्षकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. हे काम करायला घरातलं कुणी धजायचं नाही. शेवटी ढोर ओढून नेणाऱ्यालाच सांगावं लागे.

आता कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडे आणि बारकोड असतो, आणि तोच नंबर 'भारत पशुधन' या सरकारी प्रणालीत गाईच्या नावावर चढलेला असतो. लाळ्या-खुरकुताच्या मोफत लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली. लस टोचताना जनावराची नोंद करायची, त्यामुळे बिल्ले मोठ्या प्रमाणात लागले. पुढे राज्य सरकारनेही जनावरांना बिल्ला सक्तीचा केला. कान कापायची वेळ आता सहसा येत नाही, पण अडचण पूर्ण गेली नाही, तिने रूप बदललं. पूर्वी छोटा नंबरही चुकायचा, आता बाराच्या बारा आकडे जुळावे लागतात. कुंपणात अडकून बिल्ला फाटतो, गाय कान घासून तो काढते. तेव्हा लगेच दवाखान्यात जाऊन नवा बिल्ला लावून घ्यायचा आणि नवा नंबर लेखी कळवून पॉलिसीवर चढवून घ्यायचा. गाय मेल्यावर हे सांगितलं तर त्याला फारशी किंमत उरत नाही.

दुसरी ओळ आजाराच्या तारखांची. ती दोन अटींतून आली. पहिली अट अशी की पॉलिसी सुरू झाल्यावर सहसा पहिले 15 दिवस आजारामुळे झालेल्या मृत्यूला संरक्षण नसतं, अपघाताला मात्र असतं. आजारी गाय घाईघाईने विम्यात घालू नये म्हणून ही अट. दुसरी अट अशी की अडाणी उपचाराने जनावर मेलं तर भरपाई मिळत नाही. म्हणजे कंपनीला दोन तारखा हव्या असतात: पहिलं लक्षण कधी दिसलं आणि डॉक्टर कधी आला. या दोन्हींमधलं अंतर जितकं जास्त, तितके प्रश्न जास्त.

डॉक्टरच्या दाखल्याचीही अशीच गोष्ट. सरकारी पशुधन विमा योजना 2005-06 मध्ये आधी 100 जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून आली आणि हप्त्याचा निम्मा भार सरकारने उचलला. कंपन्या दाव्यासाठी एकामागून एक कागद मागत राहतात हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्यामुळे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत कागद चारच ठरवून दिले: कंपनीला दिलेली सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल, म्हणजेच डॉक्टरचा दाखला. कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 12 टक्के चक्रवाढ व्याज, असंही लिहिलं. वाचायला छान आहे. पण 'पूर्ण' या एका शब्दावर सगळं अडतं. एका आकड्याची तफावत निघाली की कागद अपूर्ण ठरतात आणि ते 15 दिवस सुरूच होत नाहीत.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. कुही तालुक्यातली जर्सी संकरित गाय, दुसरं वेत, दिवसाला दहा लिटर दूध, विम्याची रक्कम 50,000 रुपये. पॉलिसी 3 जूनपासून. 21 जुलैच्या संध्याकाळी दूध सहा लिटरवर आलं आणि गाईने वैरण सोडली. 22 तारखेला सकाळी डॉक्टर आले. ताप 106 अंश फॅरेनहाइट, खांद्यापुढची गाठ सुजलेली, अंगावर गोचीड. त्यांनी रक्ताची काचपट्टी घेतली आणि ताप उतरवण्याचं इंजेक्शन दिलं. 23 तारखेला काचपट्टीत थायलेरियाचे जंतू दिसले. हाच तो गोचीड ताप, आपल्याकडे पावसाळ्यात संकरित गाईंना हमखास गाठणारा. त्याच दिवशी त्यावरचं औषध बुपारव्हाक्वोन मानेत खोल टोचलं. पण 24 ला पापण्या पांढऱ्या पडल्या, शेण काळं आलं, श्वास वाढला. 25 ला पहाटे साडेचारला गाय गेली.

त्या शेतकऱ्याने एक काम चांगलं केलं. सात वाजता कंपनीला फोन केला, तक्रार क्रमांक पॉलिसीच्या पाठीवर लिहून ठेवला आणि डॉक्टर येईपर्यंत गाय हलवली नाही. कंपनीच्या माणसाला जनावर बघण्याची संधी द्यावी लागते, आणि नागपूरच्या उकाड्यात तीच मोठी पंचाईत असते. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे गेलेला असतो तेव्हा शव काही तासांतच फुगतं आणि आतले अवयव इतके कुजतात की मृत्यूचं कारण नक्की सांगता येत नाही. म्हणून कंपनीचा माणूस येणार नसेल तर तसं फोनवरच विचारून घ्यावं, सकाळीच शवविच्छेदन करून घ्यावं आणि फोटो काढावेत: बिल्ल्याचे आकडे वाचता येतील असा एक, मालक आणि गाय दोघे दिसतील असा एक. इथे अकरा वाजता शवविच्छेदन झालं. प्लीहा वाढलेली, गाठी सुजलेल्या आणि चौथ्या पोटाच्या अस्तरावर भोकं पाडल्यासारखे व्रण. अहवालात 'मृत्यूचे कारण थायलेरिओसिस' आलं. अशी खूण मिळाली की कारणावर कुणी वाद घालत नाही. 'हृदय बंद पडल्याने मृत्यू' एवढंच लिहिलेला दाखला मात्र कमजोर, कारण हृदय तर प्रत्येक मरणात बंद पडतं.

तरी दावा अडलाच, दोन ठिकाणी. पत्र पुतण्याने लिहिलं होतं. त्यात होतं: "गाय आठवड्याभरापासून आजारी होती." दाखल्यात उपचार 22 पासून. कंपनीने विचारलं, आधीचे दिवस कुणाचं औषध सुरू होतं? खरं तर कुणाचंच नव्हतं, आठवडा हा बोलायचा शब्द. पण लेखी कागदावर तो आठवडाच झाला. दुसरं, पॉलिसीवर बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे 4718 आणि दाखल्यात 4781. घाईत आकडे उलटे पडले. चिखल पुसून बिल्ला वाचला असता तर हे टळलं असतं. फोटोत आकडे स्पष्ट होते, त्यावरून डॉक्टरांनी दुरुस्त दाखला दिला आणि पत्रही नव्याने लिहावं लागलं. त्याचा मधला भाग असा होता:

"माझी विमा उतरवलेली जर्सी संकरित गाय (बिल्ला क्रमांक पॉलिसीप्रमाणे, शेवटचे आकडे 4718) दि. 21 जुलै रोजी सायंकाळी प्रथम आजारी दिसली. दि. 22 रोजी सकाळी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तपासून उपचार सुरू केले. त्यापूर्वी कोणतेही औषध दिलेले नाही. दि. 25 रोजी पहाटे 4.30 वाजता गाय मृत झाली. त्याच दिवशी सकाळी 7 वाजता आपणास दूरध्वनीने कळवले व 11 वाजता शवविच्छेदन झाले. बिल्ला जनावराच्या कानात असतानाचा फोटो सोबत जोडला आहे. आधीच्या पत्रातील 'आठवड्याभरापासून' हा शब्द चुकून लिहिला गेला आहे."

रडगाणं नाही, "गरीब शेतकऱ्यावर दया करावी" नाही. शेजाऱ्यांना ते कोरडं वाटलं. एकाने तर म्हटलं, "अशानं काय साहेबाचं मन वळते?" मन वळवायचं नव्हतंच, तारखा जुळवायच्या होत्या.

या ठिकाणी एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. 2022 मध्ये लम्पी आली तेव्हा सरकारने दगावलेल्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये मदत जाहीर केली. ती मदत होती, विमा नव्हे. तिच्या कागदांची वाट वेगळी होती. त्या वेळी अनेकांनी एकच अर्ज दोन्हीकडे दिला आणि दोन्हीकडे अडकले. त्यानंतर विम्याकडे लोकांचं लक्ष वाढलं हे खरं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा 15 टक्क्यांवर आणला, बाकीचा केंद्र आणि राज्य यांनी 60:40 वाटून घ्यायचा. एका घराच्या जनावरांची मर्यादाही पाचवरून दहा एककांपर्यंत वाढली, एक एकक म्हणजे गाय-म्हशीसारखं एक मोठं जनावर. हप्ता स्वस्त झाला, पत्राच्या अटी मात्र त्याच राहिल्या.

कुहीच्या त्या गाईचे पैसे पोळा उलटून गेल्यावर आले. 50,000 पैकी 31,000 बँकेने कर्जात वळते केले आणि 19,000 बचत खात्यात पडले. दुसरी गाय घ्यायला तेवढ्यात भागलं नाही, एक कालवड मात्र आली. तिच्या कानात पहिल्याच आठवड्यात पिवळा बिल्ला लागला, आणि पुतण्याने त्याचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवला.