घरबसल्या परीक्षेत नेट गेलं तर नवा स्लॉट कसा मागायचा

प्रॉक्टर्ड परीक्षा मध्येच तुटली तर अर्ज टिकतो तो पुराव्यातल्या वेळेवर. परीक्षा घेणाऱ्यांच्या सर्व्हरवर तुमचं कनेक्शन कधी तुटलं याची नोंद असतेच. तुमचे कागद त्या मिनिटाशी जुळले पाहिजेत.

नागपुरातल्या मनीषनगरच्या उमेदवाराचं उदाहरण घेऊ. पेपर ११ वाजता सुरू झाला, ११.१८ ला नेट गेलं. सर्वात आधी मोबाइलवरून हेल्पलाइनला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. पेपर 'सबमिट' करू नये. केला की बहुतेक ठिकाणी तो पूर्ण झाल्याचं धरतात. प्रश्न दिसत असताना स्क्रीनचा फोटोही काढू नये, नाहीतर नेटचं प्रकरण बाजूला राहून कॉपीचं सुरू होतं.

परीक्षेची खिडकी बंद झाल्यावर, लाइन अजून बिघडलेली असतानाच, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे दोन आदेश चालवावेत:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा (तुमचा वेगळा असू शकतो), दुसरा बाहेरचा. पहिल्यात `Lost = 0` आणि दुसऱ्यात बरेच `Request timed out` असतील, तर दोष घराबाहेरच्या लाइनचा, हे दिसतं. पहिल्यातच गळती असेल तर घरचं वायफाय दोषी ठरतं आणि अर्ज लंगडा पडतो. या आदेशात घड्याळाची वेळ छापली जात नाही, म्हणून खालच्या पट्टीवरचं घड्याळ आणि तारीख स्क्रीनशॉटमध्ये येऊ द्या. संध्याकाळी काढलेला स्पीड टेस्ट जोडू नका. तोवर लाइन सुधारलेली असते आणि तोच कागद तुमच्याविरुद्ध जातो.

सोबत नेट कंपनीचं बिघाडाच्या वेळेसह पत्र किंवा निदान तक्रारीचा एसएमएस, हॉल तिकीट, ओळखपत्र आणि परीक्षेआधीच्या सिस्टिम चेकचा निकाल जोडावा. वीज गेली असेल तर महावितरणचा एसएमएस किंवा १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक द्यावा. अर्जाची मुदत हॉल तिकिटावरच्या सूचनांत असते. कंपनीच्या पत्रासाठी ती घालवू नये, "पत्र मागाहून देतो" असं लिहून अर्ज आधी टाकावा.

वेळेचा घोळ इथेच होतो. परदेशी कंपनीची परीक्षा असेल तर तिची नोंद बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते: आपले ११.१८ म्हणजे तिथे ०५.४८. अर्जात दोन्ही वेळा लिहाव्यात.

पसंतीच्या वेळा तीन द्याव्यात, दोन वेगवेगळ्या दिवसांच्या. "कधीही चालेल" लिहिलं तर हाती येईल तो स्लॉट मिळतो. अर्जातला मजकूर इतका पुरे:

"दि. … रोजी ११.१८ वाजता (भारतीय वेळ, यूटीसी ०५.४८) इंटरनेट खंडित झाल्याने पेपर अपूर्ण राहिला. हेल्पलाइन तक्रार क्र. …. पुरावे जोडले आहेत. पसंतीच्या वेळा: (१) …, सकाळी ९, (२) …, दुपारी २, (३) …, सकाळी ९. पुढील परीक्षा दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून देईन."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच लाइनवर पुन्हा स्लॉट देण्यात काय अर्थ, हा तपासणाऱ्याचा प्रश्न असतोच.