अनपेक्षित परीक्षेला एकही दिवस उरत नाही का?

“सोमवार ते शुक्रवार कधीतरी परीक्षा होईल, पण आदल्या रात्री ती तुम्हाला कळणार नाही, असे सर म्हणाले. मग गुरुवारपर्यंत परीक्षा झाली नाही, तर त्या रात्री ती उद्याच हे कळेल, म्हणून शुक्रवार बाद; त्याच न्यायाने गुरुवारही बाद, असे करत एकही दिवस उरत नाही ना?”

उरतो. चूक शुक्रवार बाद करण्याच्या पहिल्याच पायरीत आहे, आणि तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९५३ मध्ये तिच्यावरच बोट ठेवले. चार दिवस कोरे गेल्यावर गुरुवारी रात्री सरांचे म्हणणे ‘उद्या परीक्षा आहे आणि ते तुला ठाऊक नाही’ एवढेच उरते. ते खरे असू शकते, परंतु विद्यार्थ्याला ते खरे म्हणून जाणता येत नाही, कारण पहिला भाग जाणताच दुसरा खोटा ठरतो. सरांच्या शब्दावरचा त्याचा भरवसाच तेव्हा डळमळतो. मग परीक्षा उद्याच, हे तो कशाच्या आधारे म्हणणार? शुक्रवारच बाद होत नाही, तर त्यावर रचलेले बाकीचे दिवसही बाद होत नाहीत. म्हणूनच बुधवारी प्रश्नपत्रिका अचानक हाती पडली, तर सरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते.