ऑटोपे बंद होत नाहीये? दुकानात यायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडे पॅन, पासपोर्ट, लाइटबिलं, बँकेची ऑनलाइन कामं होतात हे तुम्हाला माहीतच आहे. पण गेलं वर्षभर रोज एक-दोन माणसं एकच तक्रार घेऊन येतायत, की अमुक ॲपचे पैसे दर महिन्याला कटतायत, ॲपमध्ये कॅन्सलचं बटण सापडत नाही, सापडलं तर दाबल्यावर नुसतं गोल फिरत बसतं, कस्टमर केअर फोन उचलत नाही, आता काय करू? म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. घरी नीट वाचलंत तर निम्म्या लोकांना आमच्याकडे यायची गरजच पडणार नाही, आणि आलात तरी काम दहा मिनिटांत होईल.

पहिली गोष्ट म्हणजे कंपनीने बटण दिलं नाही म्हणून तुम्ही अडकलात असं अजिबात नाही. पैसे कटतात ते तुम्ही दिलेल्या परवानगीमुळे, त्यालाच मॅन्डेट म्हणतात, आणि ती परवानगी तुमच्या बँकेकडे नोंदवलेली असते. जिथे नोंद आहे तिथून ती बहुतेक वेळा काढता येते, त्याला कंपनीची सही लागत नाही.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक सांगतो. माणूस वैतागतो आणि रागात ॲप डिलीट करतो. कंपनीचं ॲप तर उडवतोच, वर ज्या यूपीआय ॲपमधून पैसे कटत होते तेही उडवतो, मेसेज पुसतो, काहीजण तर कार्डसुद्धा ब्लॉक करून येतात, आणि मग आमच्यासमोर बसून म्हणतात, "बघा ना, तरी पैसे गेले." जाणारच ना! ॲप म्हणजे नुसता दरवाजा, मॅन्डेट तर बँकेत बसलंय. उलट आता ते कुठल्या वाटेने कटतंय हे शोधायचा धागाच आपण स्वतः तोडला, आणि कार्ड ब्लॉक केलं असेल तर त्यावर लावलेलं विम्याचं किंवा मोबाइलबिलाचं चालू ऑटोपेसुद्धा त्यात लटकतं. म्हणून कळकळीची विनंती, काहीही डिलीट करू नका. आधी वाट ओळखा, मग बंद करा.

वाट ओळखायला बँकेचं स्टेटमेंट लागतं. मेसेजमधला नुसता आकडा पुरत नाही, ज्या दिवशी पैसे गेले त्या दिवसाची पूर्ण ओळ बघा. ओळ UPI ने सुरू होत असेल आणि पुढे कुठेतरी Mandate किंवा Autopay असं काही दिसत असेल तर ते यूपीआयचं. ACH किंवा NACH असं लिहिलं असेल तर ते नॅच, म्हणजे थेट खात्यावरचं मॅन्डेट, जे हप्ते, एसआयपी, जिम, क्लासेस असल्या ठिकाणी घेतात. आणि कार्डाचे आकडे दिसत असतील, सोबत SI असं असेल, किंवा क्रेडिट कार्डाच्या बिलातच ते आलं असेल, तर ते कार्डावरचं. बँकेबँकेप्रमाणे लिहिण्यात थोडा फरक पडतो पण या तिघांतलं एक निघतंच.

यूपीआयचं असेल तर सगळ्यात सोपं. ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली होती त्याच ॲपमध्ये जा, तुमच्या फोटोवर किंवा प्रोफाइलवर दाबा, तिथे Autopay किंवा Mandates असं सापडेल. त्यात चालू असलेल्यांच्या यादीत त्या कंपनीचं नाव दिसेल, उघडा आणि Revoke किंवा Cancel करा, यूपीआय पिन टाका, झालं. Pause दिसतं ते वेगळं, त्याने काही काळच थांबतं, नंतर परत सुरू होतं, फसू नका. झाल्यावर त्या मॅन्डेटपुढे Revoked किंवा Cancelled आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. ॲप आधीच डिलीट केलं असेल तर त्याच सिमवर, त्याच नंबरने, तेच बँक खातं जोडून परत टाका, बहुतेक वेळा जुनं मॅन्डेट तिथेच दिसतं. आणि काही मॅन्डेटला, खासकरून कर्जाच्या हप्त्याच्या, ग्राहकाच्या बाजूने रद्द करायचं बटणच दिलेलं नसतं. तिथे आम्ही पण काही करू शकत नाही, आधीच सांगतो.

कार्डाचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात Standing Instructions किंवा e-mandate असं शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कटायच्या किमान 24 तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचं असतं, आणि त्या मेसेजमध्ये किंवा ईमेलमध्ये नको म्हणायची सोय पण द्यायची असते. तो मेसेज लोक जाहिरात समजून पुसतात. पुसू नका. ओटीपी मागितला जाईल, रद्द करताना तो लागतोच.

आता नॅच, खरी डोकेदुखी इथेच आहे, म्हणून एक खरं काम सविस्तर सांगतो.

आमच्याकडे एक दादा आले होते, एका जिमचे दर महिन्याच्या 5 तारखेला 999 रुपये जायचे. जिमला कुलूप लागलं, मालकाचा फोन बंद, ॲप उघडतच नाही, तरी तीन महिने पैसे गेले, म्हणजे 2,997 रुपये. मग कुणीतरी सल्ला दिला की खात्यात पैसेच ठेवू नकोस. त्यांनी पगार आला की काढून घ्यायला सुरुवात केली. झालं काय, तर 5 तारखेला जिमचा हप्ता परत गेला आणि बँकेने हप्ता परत गेल्याचा दंड लावला, त्यांच्या बँकेत तो 250 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295. दोन महिन्यांचे 590 आणि ते पुढच्या पगारातून आपोआप वसूल झाले. हप्ता 999 चा वाचवला आणि मॅन्डेट होतं तसंच जिवंत! दंडाचा आकडा बँकेबँकेला वेगळा असतो, पण खातं रिकामं ठेवून मॅन्डेट मरत नाही हे सगळीकडे सारखंच.

आम्ही त्यांना स्वतःच्या फोनवर नेटबँकिंग उघडायला लावलं. मॅन्डेटच्या यादीत ते दिसलं, Active, जास्तीत जास्त रक्कम 5,000, शेवटची तारीख 2031 सालातली. म्हणजे 999 कटत होते ही जिमची मेहेरबानी होती, सही 5,000 पर्यंतची दिलेली होती! तिथेच UMRN नावाचा 20 अक्षरा-आकड्यांचा नंबर असतो, तो कागदावर उतरवून घेतला. काही बँकांत याच पानावर Cancel असतं, यांच्या बँकेत नव्हतं, म्हणून शाखेत द्यायचा अर्ज बनवून दिला. अर्ज लांबलचक नको, एवढंच लिहायचं:

"माझ्या खाते क्रमांक अमुकवरील नॅच मॅन्डेट, UMRN अमुक, कंपनीचं नाव अमुक, कायमस्वरूपी रद्द करावे. यापुढे या मॅन्डेटवर पैसे वळते करण्यास माझी संमती नाही. रद्द झाल्याचे लेखी कळवावे."

दादा शाखेत गेले आणि तासाभरात परत आले. काउंटरवरच्या साहेबांनी सांगितलं, "कंपनीकडून कॅन्सल करून आणा, आमच्याकडून होत नाही." हे उत्तर बऱ्याच लोकांना मिळतं. आम्ही त्यांना सांगितलं, वाद घालू नका, एवढंच म्हणा की खातं माझं आहे, संमती मी दिली होती, मीच काढून घेतोय, अर्ज घ्या आणि पोच द्या. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यायचीच आणि तिच्यावर सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच मागितल्यावर मात्र अर्ज आत गेला, चार दिवसांनी यादीत Active च्या जागी Cancelled आलं, आणि पुढच्या 5 तारखेला काही कटलं नाही.

यात एक शब्द सांभाळा. शाखेत जाऊन "स्टॉप पेमेंट करा" म्हणालात तर तेवढा एकच हप्ता थांबवला जाऊ शकतो आणि पुढच्या महिन्याला परत तेच. "मॅन्डेट कॅन्सल" असंच म्हणा, असंच लिहा. आणि आदल्या दिवशी धावत जाऊ नका, तारखेच्या आठवडाभर आधी अर्ज द्या, मध्ये दुसरा-चौथा शनिवार आला की दिवस जातात.

पोच असूनही पैसे कटले तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला काही फी नाही. तिथे पोच हाच तुमचा पुरावा, म्हणून आम्ही पोच-पोच करत बसतो.

मॅन्डेट रद्द केल्याने आधी गेलेले पैसे परत येत नाहीत, त्यासाठी कंपनीशीच भांडावं लागतं. आणि कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम असेल तर मॅन्डेट काढलं तरी देणं तसंच राहतं. कर्जाचं मॅन्डेट काढून हप्ता चुकवाल तर दंड लागेल आणि सिबिलही बिघडेल, विमा असेल तर पॉलिसी बंद पडेल. असली कामं घेऊन आलात तर आम्ही आधी विचारतो की हप्ता दुसऱ्या कुठल्या मार्गाने भरणार आहात, आणि उत्तर नसेल तर काम करत नाही. काही ग्राहक यावरून नाराज होतात, पण नंतर तेच आमच्यावर चिडतील त्यापेक्षा हे बरं.

अजून एक, आम्ही तुमचा फोन हातात घेत नाही, पिन आणि ओटीपी तुम्हीच टाकायचा, आम्ही फक्त शेजारी बसून दाखवतो. "तुम्हीच करून टाका ना" असं खूप जण म्हणतात, ज्येष्ठ मंडळी तर पिन चिठ्ठीवर लिहूनच आणतात. ती चिठ्ठी आम्ही बघतही नाही. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. आणि कुणी फोनवरून "ऑटोपे बंद करून देतो, लिंक दाबा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. ऑटोपे बंद करायला असल्या कुणाची लिंक लागत नाही, रिफंड घ्यायला पिन लागत नाही.

यायचं असेल तर बँकेत नोंदवलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन, मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट किंवा भरलेलं पासबुक, आणि कार्डाचं प्रकरण असेल तर कार्ड, एवढं आणा. यूपीआय आणि कार्डाचं काम 50 रुपये, नॅचचा अर्ज, दोन प्रती आणि नंतर Cancelled झालं की नाही ते एकदा बघून देणं मिळून 100 रुपये. नुसतं स्टेटमेंटमधली ओळ बघून वाट कुठली ते सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते 7, आणि ॲप डिलीट न करता या.